सहा आणे, बारा आणे, सोळा आणे

एप्रिल २०२४ मधल्या एका दुपारी मी अकरा संचालकांसमोर लॅपटॉप उघडून बसले होते. चांदवड तालुक्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी, मी तिचे हिशेब बघते. दोन हजार क्विंटल उन्हाळ कांदा विकत घ्यायचा, सभासदांच्याच आठ कांदाचाळी भाड्याने घेऊन भरायच्या आणि पावसाळ्यात भाव आला की विकायचा, असा बेत होता. त्याचं अंदाजपत्रक मी मोठ्या हौसेने केलं होतं. वर कोपऱ्यात एक छोटी यादी, त्यातून ‘उत्तम’, ‘साधारण’ किंवा ‘वाईट’ निवडलं की खालचे सगळे आकडे बदलायचे. एक्सेलमधली ही करामत मला स्वतःला फार आवडली होती.

मी ‘साधारण’ निवडलं. दोन लाख नफा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ‘वाईट’ निवडलं. एक लाख नव्वद हजार तोटा. कुणीतरी म्हणालं, एवढा तर सोसता येईल. तेवढ्यात संचालकांतले तात्या म्हणाले, “ताई, मघाचं परत दाखवा.” मी परत दाखवलं. “आता हे.” मी हे दाखवलं. असं चार वेळा झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. “दोन बैल तुम्ही एकामागून एक गोठ्यातून काढून दाखवताय. शेजारी उभे केल्याशिवाय उंची कशी कळायची?”

घरी येऊन मी ती यादी काढून टाकली आणि एकाच पानावर तीन रकाने शेजारी शेजारी मांडले. काम अर्ध्या तासाचं वाटलं होतं, गेले चार दिवस. कारण रकाने शेजारी आल्याबरोबर माझ्या ‘वाईट’चं पितळ उघडं पडलं. मी साधारण भावातून दहा टक्के वजा केले होते आणि त्याला वाईट म्हटलं होतं. चांगल्यासाठी दहा टक्के मिळवले होते. तीन रकाने म्हणजे एकाच माणसाचे तीन फोटो, एक जरा उजेडात, एक जरा सावलीत. कांद्याचा भाव दहा टक्क्यांनी हलतो, असं आमच्या भागात कुणी म्हटलं तर लोक हसतील. तेवढा तो सकाळच्या आणि दुपारच्या लिलावात हलतो.

तेव्हा पुन्हा तात्यांकडे गेले. त्यांनी आधी रकान्यांची नावं बदलली. पिकाची आणेवारी लावायची जुनी रीत त्यांच्या बोलण्यात अजून आहे. सरकारी कागदावर तिला आता पैसेवारी म्हणतात आणि पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईची भाषा सुरू होते. तात्यांनी सांगितलं, सोळा आणे, बारा आणे आणि सहा आणे असं लिहा. “वाईट म्हटलं की माणूस बघायलाच तयार होत नाही. सहा आण्याचं साल सगळ्यांनी पाहिलंय.”

मग भाव आणि घट ठरवायला बसलो. तिथे त्यांनी मला दुसऱ्यांदा अडवलं. मी सहा आण्यात दोन्ही वाईट गोष्टी घातल्या होत्या: चाळीत चाळीस टक्के घट आणि भाव फक्त पंधराशे. तात्या म्हणाले, “पावसाने चाळी सडल्या तर माझीच सडेल का? सगळ्यांच्या सडतील. मग बाजारात माल कमी येईल. मग भाव पडेल कसा?”

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. वाईट रकाना करताना आपण हाताला येईल तो प्रत्येक आकडा खाली ओढतो आणि सगळे एकत्र खाली येऊ शकतात का, हे बघत नाही. घट आणि भाव एकमेकांना बांधलेले असतात, आणि बऱ्याचदा उलट्या दिशेने. मग सहा आण्याचा रकाना खोटा ठरतो का? बराच वेळ बोलल्यावर तात्यांनीच वाट काढली. काढणीच्या वेळी आपल्या चार गावांतच अवकाळी पाऊस झाला, कांदा ओला चाळीत गेला, तर सडेल तो आपला. आणि भाव ठरवणारा पाऊस आपल्या चार गावांत नसतो, तो दिल्लीत पडतो.

त्या वेळी कांद्यावर निर्यातबंदी होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आधी चाळीस टक्के निर्यात शुल्क आलं, ८ डिसेंबरपासून बंदी आली. ती ३१ मार्चला संपणार होती, तर त्याआधीच मुदत वाढली. म्हणजे आपल्या चाळी सडणं आणि निर्यात बंदच राहणं, या दोन वेगळ्या घटना एकाच साली घडू शकत होत्या. त्या दिवशी आम्ही प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर आकड्यांच्याही आधी एक ओळ घातली: ‘कारण’. कारण लिहिता आलं नाही तर तो आकडा रकान्यात बसवायचा नाही. सोळा आण्याचं कारण होतं: निर्यात जूनपर्यंत खुली, दक्षिणेतला खरीप कांदा पावसाने लांबला, आपला कांदा नीट सुकून चाळीत गेला. बारा आण्याचं: निर्यात खुली पण शुल्कासह, पाऊस नेहमीसारखा.

अठरा, पंचवीस आणि चाळीस टक्के हे घटीचे आकडे आमच्याच वजनकाट्याच्या वह्यांमधून आले. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात जी घट होते ती मुख्यतः पाणी उडाल्याने होते आणि ती जवळजवळ ठरलेली असते. खरा फरक जुलैनंतर पडतो, हवा दमट झाली की. चाळीजवळ गेल्यावर वास बदलला असेल तर उशीर झालेला असतो. चांगला चाळवाला त्याआधीच ढिगात हात घालून बघतो, आतला कांदा कोमट लागला तर ती चाळ आधी फोडायची.

शेवटी पान असं झालं. आकडे लाखांत आहेत, जिथे वेगळं लिहिलंय ते सोडून.

| | सहा आणे | बारा आणे | सोळा आणे |
|---|---|---|---|
| घट | ४०% | २५% | १८% |
| विक्री, क्विंटल | १२०० | १५०० | १६४० |
| भाव, रुपये क्विंटलला | १५०० | २६०० | ३२०० |
| विक्रीचे पैसे | १८.०० | ३९.०० | ५२.४८ |
| एकूण खर्च | ३६.८४ | ३७.०० | ३६.९७ |
| नफा / तोटा | तोटा १८.८४ | नफा २.०० | नफा १५.५१ |

खर्चाची ओळ वाचून मी स्वतःच थबकले. तीन सालं, तीन नशिबं, पण खर्च जवळजवळ एकच. उलट सर्वांत वाईट सालात तो सर्वांत कमी, कारण विकायला माल कमी म्हणून निवडाईची हमाली आणि गाडीभाडं कमी. चौदाशेच्या भावाने खरेदी म्हणजे अठ्ठावीस लाख, चाळ भरायची मजुरी एक लाख वीस हजार, चाळींचं भाडं दोन लाख, व्यवस्थापकाचा पगार आणि कार्यालय धरून हंगामाचे तीन लाख. उरलेलं व्याज आणि विक्रीखर्च. म्हणजे साल कोणतं निघणार हे कळायच्या आत सगळे पैसे जाऊन बसलेले असतात. यादीतून एकेक चित्र निवडत होते तेव्हा हे मला कधीच दिसलं नसतं, कारण तेव्हा नजर शेवटच्या ओळीवर असते. शेजारी मांडलं की नजर आडवी फिरते.

आडवं वाचण्याचा एक फायदा मला चुकीच्या रूपात मिळाला. पहिल्या मांडणीत व्याजाचा आकडा तिन्ही रकान्यांत हुबेहूब एक लाख होता. खरं तर सोळा आण्यात आम्ही चार महिन्यांत विकणार होतो, बारा आण्यात पाच, सहा आण्यात सहा. वीस लाखांवर बारा टक्क्यांनी महिन्याला वीस हजार, म्हणजे ऐंशी हजार, एक लाख आणि एक लाख वीस हजार यायला हवेत. सूत्र उजवीकडे ओढताना महिन्यांचा रकाना डॉलरच्या चिन्हाने बांधला गेला होता आणि तिन्ही रकाने बारा आण्याचेच महिने वाचत होते. तेव्हापासून नियम केला: वरच्या आठ ओळींत फक्त गृहीतकं, ती हाताने लिहायची आणि पिवळी रंगवायची. खाली एकही आकडा हाताने नाही आणि तिन्ही रकान्यांत सूत्र अक्षरशः एकच.

```
=C5*(1-C6)*C7
```

खरेदीचे क्विंटल, घट, भाव. शेजारच्या रकान्यात हेच D, त्यापुढे E. तपासायची युक्ती सोपी आहे. तिन्ही रकान्यांत बारा आण्याची गृहीतकं भरायची, मग शेवटच्या ओळीत तीन वेळा तोच आकडा यायला हवा. नाही आला, तर कुठेतरी कुणीतरी, म्हणजे मीच, आकडा हाताने कोंबलेला असतो. माझ्या पानात तो चाळीच्या भाड्यात सापडला.

दुसऱ्या बैठकीत हे पान छापून प्रत्येकाच्या हातात दिलं. पहिले दहा मिनिटं कुणी बोललं नाही, आणि आमच्या बैठकीत हे क्वचितच घडतं. मग एक तरुण संचालक म्हणाले, तिन्हींची सरासरी काढा ना, म्हणजे एकच आकडा मिळेल. काढली. चव्वेचाळीस हजारांचा तोटा. “म्हणजे करायचंच नाही का?” असं त्यांनी विचारलं. पण चव्वेचाळीस हजारांच्या तोट्याचं साल या तिन्हींत कुठेच नव्हतं. शिवाय सरासरी काढताना तिन्ही सालं सारख्याच शक्यतेची आहेत, हे आपण न बोलता मान्य करून टाकतो. तीन रकाने म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी. त्यांची सरासरी म्हणजे तीन गोष्टींची खिचडी, आणि ती कुणाच्याच पानात वाढली जाणार नसते.

खरी गडबड मधल्या रकान्यात होती. मी त्याखाली आणखी एक ओळ घातली होती: ना नफा ना तोटा होण्यासाठी किती भाव लागेल. सदतीस लाख भागिले पंधराशे, म्हणजे क्विंटलला २४६७ रुपये. आम्ही धरलेला भाव होता २६००. म्हणजे ज्याला आम्ही बेलाशक ‘साधारण’ म्हणत होतो, ते साल क्विंटलमागे एकशे तेहतीस रुपयांच्या काठावर उभं होतं. कांद्यात एकशे तेहतीस रुपये म्हणजे काहीच नाही. मधला आकडा कधी इच्छेतून येतो हे करणाऱ्यालाही कळत नाही. मला वाटतं, मी आधी ‘थोडा नफा व्हावा’ असं मनात धरलं आणि मग त्याला साजेसा भाव शोधला. भाव वरून खाली लिहिला होता, पण विचार खालून वर चढला होता.

आणि मग ती ओळ, जिच्यामुळे निर्णय बदलला. दर महिन्याच्या शेवटी हातात रोख किती, याची.

कंपनीचे स्वतःचे चौदा लाख, त्यात वीस लाखांचं कर्ज. चौतीसमधून अठ्ठावीसचा कांदा, भरणीची मजुरी आणि भाडं गेलं की उरतात दोन लाख ऐंशी हजार. मेपासून दर महिन्याला पगार-कार्यालयाचे पन्नास हजार आणि व्याजाचे वीस हजार. मे, जून, जुलै, ऑगस्ट. चार सत्ते अठ्ठावीस. विक्री धरली नाही तर ऑगस्टच्या अखेरीस तिजोरी शून्य. तिन्ही रकान्यांत जुलैअखेरपर्यंतची वाट एकच, कारण ऑगस्टच्या आधी विक्रीचा रुपया कुठल्याच रकान्यात नव्हता. फरक होता तो पुढे. सोळा आण्यात ऑगस्टमध्येच चाळी फुटतात आणि पैसा येतो. सहा आण्यात मात्र आम्ही वर लिहिलं होतं की भाव नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबू. थांबणार कशाच्या जोरावर? वरची ओळ म्हणत होती थांबू, खालची ओळ म्हणत होती थांबता येणार नाही. सप्टेंबरात बँकेचा हप्ता द्यायला जो भाव मिळेल त्या भावाने चाळी फोडाव्या लागल्या असत्या, म्हणजे पंधराशेसुद्धा कदाचित मिळाले नसते.

वर्षअखेरचा नफा-तोटा तीन रकान्यांत दाखवणारी अंदाजपत्रकं मी बरीच पाहिली आहेत. सर्वांत कमी रोख कोणत्या महिन्यात, ही ओळ त्यांत फारशी नसते. माझ्या मते एकच ओळ ठेवायची परवानगी असेल तर ही ठेवावी. धंदा तोट्याने बुडायला वेळ लागतो, रोख संपली की आठवड्यात बुडतो.

तोट्याचा आकडा अठरा लाख चौऱ्याऐंशी हजार आणि कंपनीचं सगळं भांडवल चौदा लाख. म्हणजे सहा आण्याचं एक साल आलं तर कंपनी संपून वर बँकेचे देणे उरणार. पुढे कितीही सोळा आण्याची सालं आली तरी ती बघायला कंपनी नसणार.

मग खरेदी किती करायची हा आकडा, जो तोवर ठरलेला म्हणून कुणी बघतच नव्हतं, तो हलवून पाहिला. बाराशे क्विंटल, पाच चाळी, कर्ज दहा लाख. सहा आण्याचा तोटा आला बारा लाख त्रेचाळीस हजार. जबर, पण भांडवलाच्या आत. आणि विक्रीचा एक रुपया न येताही रोख ऑक्टोबरअखेर एक लाख त्रेसष्ट हजार उरत होती. म्हणजे खरोखर थांबता येत होतं. बारा आण्याच्या रकान्यात मात्र नफा जवळजवळ पुसला जाऊन जेमतेम पाच हजारांवर आला, कारण पगार-कार्यालयाचे तीन लाख आता कमी कांद्यावर पडत होते. हे मी लपवलं नाही. दोन पानं शेजारी ठेवली आणि संचालकांना निवडायला सांगितलं. हात वर झाले ते सात विरुद्ध चार, बाराशेच्या बाजूने.

४ मेला निर्यातबंदी उठली. टनाला साडेपाचशे डॉलर किमान निर्यात दर आणि चाळीस टक्के शुल्क, पण उठली. आमची हजारेक क्विंटलची खरेदी तोपर्यंत झाली होती. संध्याकाळपर्यंत मला पाच फोन आले. आता उरलेला आठशे पण घेऊन टाका. मी एवढंच म्हटलं की पानावर बारा आण्याचं कारण खरं ठरलंय, सोळा आण्याचं अजून नाही. रोखीची ओळ होती तशीच आहे. नाही घेतला.

त्या वर्षी काय झालं ते नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. १३ सप्टेंबरला किमान दर काढून टाकला, शुल्क वीस टक्क्यांवर आलं. आमचा कांदा तीन टप्प्यांत सरासरी सदतीसशेने गेला, आमच्या सोळा आण्याच्याही वर. घट चोवीस टक्के. बाराशेतले नऊशे बारा क्विंटल विकले आणि कंपनीला दहा लाख अडतीस हजार उरले. दोन हजार घेतले असते तर एकोणीस लाखांच्या वर गेलो असतो.

दिवाळीनंतरच्या बैठकीत ते चार संचालक मला म्हणाले, “तुमच्या त्या सहा आण्याने आमचे नऊ लाख खाल्ले.” हिशेब बरोबर होता. आठ लाख चौऱ्याऐंशी हजार. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. त्या रात्री मी ते पान पुन्हा उघडलं, सगळ्या सूत्रांवरून फिरले, कुठे चूक सापडते का म्हणून. सापडली असती तर बरं वाटलं असतं. सोळा आण्याचा भाव मी कमी धरला होता हे खरं. बाकी एप्रिलमध्ये जे माहीत होतं त्यावरून आजही मी तेच पान दिलं असतं. पण हे त्या चौघांना पटवून सांगता येत नाही. न आलेल्या सालाचा तोटा कुणाच्या वहीत चढत नाही, न मिळालेला नफा मात्र सगळ्यांना तोंडपाठ असतो.

२०२५ च्या १ एप्रिलपासून निर्यात शुल्क शून्य झालं. बैठकीत एकाने विचारलं, आता सहा आण्याचा रकाना कशाला? सहा आण्याच्या डोक्यावर आम्ही कारण लिहिलं होतं ‘निर्यात बंद’, आणि ती तर सताड उघडी होती. थोडी वादावादी होऊन रकाना राहिला, खरेदी पुन्हा बाराशेच. त्या पावसाळ्यात आमच्या चाळींतल्या कांद्याला भाव आलाच नाही. आम्ही बारा आण्याच्या बरेच खाली आणि सहा आण्याच्या जवळ विकलं. तोटा झाला, तो आधीच्या वर्षीच्या नफ्यात जिरला. आकडा अंदाजाच्या आसपास होता आणि वर लिहिलेलं कारण साफ चुकलं होतं.

हे मला अजून छळतं. कारण चुकलं आणि आकडा बरोबर आला, तर त्याला अंदाज म्हणायचं की नशीब? तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, “कारण आपण मागच्या सालाचं लिहिलं. सहा आण्याचं साल मागच्या वाटेने कशाला येईल?”

यंदाचं पान मी करायला घेतलंय. खरेदीचे क्विंटल, चाळी, कर्ज, सगळं भरून झालंय. सहा आण्याच्या रकान्यातली कारणाची ओळ तेवढी मोकळी आहे, आणि ती भरायला तात्या उद्या सकाळी येतो म्हणालेत.